फिगर ‘लो रेझोल्यूशन’ म्हणून परत येतेय? आधी छापील रुंदी ठरवा, डीपीआय नंतर बघू

प्रश्न: माझा फोटोकॅटॅलिसिसचा पेपर रिव्हिजनला आलाय. एलसेव्हियरचं जर्नल आहे. एडिटोरियल ऑफिसने लिहिलंय की फिगर ३ चं रेझोल्यूशन कमी आहे, छपाईच्या साइजला अक्षरं वाचता येत नाहीत आणि लाल-हिरवे रंग बदला. मी फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० डीपीआय केलं आणि परत पाठवलं तर पुन्हा तोच शेरा. चार पॅनल आहेत: एक्सआरडी, सेमचा फोटो, वेळेनुसार यूव्ही-व्हिजिबलचे पाच स्पेक्ट्रा आणि कॅटॅलिस्टसह व कॅटॅलिस्टशिवाय डिग्रेडेशनचा ग्राफ. ग्राफ एक्सेलमधले, सगळं पॉवरपॉइंटमध्ये जुळवून जेपीजी केलंय. नक्की काय करू?

उत्तर:

तुम्हाला तीन वेगळे शेरे दिसतायत, पण पहिले दोन खरं तर एकच आहेत. फिगर छापल्यावर किती मिलिमीटर रुंद असणार हे कुठेच ठरलेलं नाहीये, आणि ते ठरत नाही तोवर डीपीआयच्या आकड्याला काही अर्थच नसतो. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. इंच किती हेच माहीत नसेल तर ३०० म्हणा नाहीतर ३००० म्हणा, काय फरक पडतो. मी आमच्या विभागात बरीच वर्षं मुलांच्या फिगर सबमिशनआधी तपासते, आणि माझा पहिला प्रश्न ‘किती डीपीआय’ हा नसतोच, ‘सिंगल कॉलम की डबल’ हा असतो.

आता फोटोशॉपमध्ये काय झालं ते बघू. पॉवरपॉइंटची वाइडस्क्रीन स्लाइड १३.३३ इंच रुंद असते आणि ती जेपीजी म्हणून सेव्ह केली की साधारण ९६ डीपीआयने निघते, म्हणजे १२८० पिक्सेल रुंद. एवढेच पिक्सेल तुमच्याकडे आहेत. Image Size च्या खिडकीत Resample ची टिकमार्क काढून ७२ चं ३०० केलंत तर पिक्सेल १२८० च राहतात, फक्त फाइल आता म्हणते की ‘मी ४.२७ इंच रुंद आहे’. कापड तेवढंच, पाटीवरचा आकडा बदलला. आणि टिकमार्क ठेवून केलंत तर १२८० चे ५३३३ पिक्सेल होतात खरे, पण मधले सगळे फोटोशॉपने शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले, त्यामुळे अक्षरं मोठी आणि पुसट होतात, धारदार होत नाहीत. ऑफिसमधला माणूस फाइल झूम करून बघतो, त्याला ते लगेच कळतं.

तुमच्या जर्नलचे नियम ‘गाइड फॉर ऑथर्स’मध्ये असतात आणि एलसेव्हियरची आर्टवर्कची रुंदी साधारण अशी आहे: सिंगल कॉलम ९० मिमी, दीड कॉलम १४० मिमी, पूर्ण रुंदी १९० मिमी. दुसऱ्या प्रकाशकाकडे आकडे बदलतात. नेचरचे ८९ आणि १८३ मिमी, आयईईईचे ३.५ आणि ७.१६ इंच, आणि प्लॉस वन तर थेट पिक्सेलमध्येच सांगतं, ३०० डीपीआयला जास्तीत जास्त २२५० पिक्सेल रुंद. म्हणून एका जर्नलसाठी बनवलेली फिगर रिजेक्ट झाल्यावर दुसरीकडे तशीच ढकलू नका, निदान रुंदी तरी बघा. आणि ‘आमचं जर्नल तर ऑनलाइनच आहे, छापतंय कोण’ असं बरेच जण म्हणतात. कागदावर छापलं नाही तरी पीडीएफच्या पानावर कॉलमची रुंदी तीच असते, आणि वाचणारा ते पान आपल्या प्रिंटरवर काढतोच.

तुमची चार पॅनलची फिगर आहे, तेव्हा ती १९० मिमीलाच जाणार. ९० मिमीमध्ये चार पॅनल दोन-दोन करून बसवले तर एकेक पॅनल जेमतेम ४३ मिमीचं होतं, त्यात पाच स्पेक्ट्रा कोणाला दिसणार. तर १९० मिमी धरू, म्हणजे ७.४८ इंच. १२८० पिक्सेल भागिले ७.४८, हे आले १७१ डीपीआय. एलसेव्हियरची अपेक्षा अशी: नुसता फोटो असेल तर ३००, नुसतं रेषांचं काळं-पांढरं चित्र असेल तर १०००, आणि फोटो आणि रेषा-अक्षरं एकत्र असतील तर ५००. तुमची फिगर तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे १९० मिमीला ३७४० पिक्सेल पाहिजेत. तुमच्याकडे त्याच्या एक तृतीयांश आहेत. गंमत म्हणजे हीच १२८० पिक्सेलची फाइल ९० मिमीला ठेवली असती तर ३६१ डीपीआय भरली असती आणि फोटो म्हणून पास झाली असती. फाइल तीच, फक्त रुंदी वेगळी, म्हणूनच मी रुंदी-रुंदी करतेय.

रेषांना १००० आणि फोटोला ३०० का, हे एकदा समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. सेमच्या फोटोत राखाडी छटा हळूहळू बदलतात, तिथे ठिपके थोडे मोठे असले तरी डोळ्याला खटकत नाही. पण काळ्या अक्षराची कड पांढऱ्यावर एकदम संपते, तिथे पायऱ्या दिसतात. त्यात जेपीजी असेल तर प्रत्येक अक्षराभोवती राखाडी धुळीसारखे डाग पण येतात, तुमच्या फाइलमध्ये अक्षांच्या आकड्यांवर झूम करून बघा, हमखास असणार. म्हणून ग्राफसाठी जेपीजी नकोच.

अक्षरांचा शेरा पण याच हिशोबातून येतो. एक्सेल अक्षावरचे आकडे आपणहून ९ पॉइंटमध्ये टाकतं. तुम्ही चार्ट पॉवरपॉइंटमध्ये चित्र म्हणून पेस्ट केले असणार, समजा काही लहान न करता. स्लाइड ३३८.७ मिमीची, ती १९० मिमीला आली म्हणजे सगळं ०.५६ पट झालं, आणि ९ पॉइंटचे झाले ५ पॉइंट. चार पॅनल बसवायला चार्ट ओढून अर्धे केले असतील तर अडीच. एलसेव्हियर म्हणतं की छापल्यावर साधी अक्षरं ७ पॉइंट असावीत आणि वर-खाली लिहिलेली, म्हणजे C₀ मधला शून्य वगैरे, ६ च्या खाली जाऊ नयेत. स्क्रीनवर सगळं छान मोठं दिसत होतं, कारण तुम्ही स्लाइड बघत होतात, छापलेलं पान नव्हे.

म्हणून पद्धत उलटी करायची. फिगर पहिल्यापासूनच खऱ्या छापील साइजला बनवायची आणि नंतर कुठेच लहान-मोठी करायची नाही. मग ७ पॉइंट म्हणजे ७ पॉइंटच, १ पॉइंटची रेघ म्हणजे १ पॉइंटचीच. तुम्ही पॉवरपॉइंटवालेच राहायचं म्हणत असाल तर राहा, त्यात काही कमीपणा नाही, त्यातूनही नीट फिगर निघते. नवीन रिकामी फाइल उघडा, Design मध्ये Slide Size, तिथे Custom Slide Size, रुंदी १९ सेमी, उंची समजा १४ सेमी. जुन्या फाइलची साइज बदलू नका, ती सगळं ताणते. सेमचा फोटो टाकायच्या आधी File, Options, Advanced मध्ये जाऊन Do not compress images in file ला टिक करा, नाहीतर ऑफिस सेव्ह करताना फोटो गुपचूप २२० पीपीआयला आणून ठेवतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग एक्सेलमधून चार्ट कॉपी करून चार्ट म्हणूनच पेस्ट करा, Picture म्हणून नाही. चार्ट म्हणून आला की बॉक्स ९ सेमीचा केला तरी आतली अक्षरं आपल्या पॉइंटचीच राहतात, चित्रासारखी आकसत नाहीत. सगळी अक्षरं एरियल ७ किंवा ८, पॅनलची a, b, c, d थोडी मोठी आणि बोल्ड. एक्सेलची रेघ आपणहून २.२५ पॉइंटची येते, ९ सेमीच्या ग्राफमध्ये ती दोरखंडासारखी दिसते, १ पॉइंट करा. अक्षांच्या रेघा ०.५ ते ०.७५. मागची राखाडी ग्रिड, चार्टचं टायटल, बाहेरची चौकट, सगळं डिलीट. टायटल तसंही कॅप्शनमध्ये जाणार आहे.

झालं की Save As मधून पीडीएफ. जेपीजी नाही, पीएनजी नाही. पीडीएफमध्ये चार्टच्या रेषा आणि अक्षरं व्हेक्टर म्हणून जातात, म्हणजे ठिपके नाहीतच, ‘इथून तिथपर्यंत रेघ काढ’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे १००० डीपीआय आहे का हा प्रश्नच उरत नाही. एलसेव्हियर ग्राफसाठी पीडीएफ किंवा ईपीएस घेतं, फक्त फॉन्ट आत एम्बेड असले पाहिजेत.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मी सारखी बघते. जेपीजी उचलून पीडीएफमध्ये टाकला किंवा ऑनलाइन कन्व्हर्टरने ईपीएस केला म्हणजे तो व्हेक्टर होत नाही. डबा बदलतो, आतला माल ठिपक्यांचाच. ओळखायचं कसं, तर पीडीएफ ८०० टक्के झूम करा. अक्षराची कड धारदारच राहिली आणि माउसने ते अक्षर सिलेक्ट करता आलं तर व्हेक्टर, पुसट झाली तर ठिपके. कमांड लाइन चालत असेल तर पॉपलर नावाची टूल्स टाकून घ्या आणि हे दोन चालवा:

```
pdfimages -list fig3.pdf
pdffonts fig3.pdf
```

पहिली कमांड पीडीएफच्या आत किती ठिपक्यांची चित्रं आहेत ते सांगते. तुमच्या फिगरमध्ये एकच ओळ यायला हवी, सेमच्या फोटोची, आणि x-ppi च्या खाली ३०० च्या वरचा आकडा हवा. पूर्ण पानाएवढं एकच मोठं चित्र दिसलं तर समजा की सगळंच ठिपक्यांचं झालंय. सेमचा आकडा २२० किंवा त्याखाली आला तर पॉवरपॉइंटने फोटो दाबलाय, मग ती सेटिंग परत बघा, आणि तरीही पीडीएफ करताना दबतच असेल तर जुळवाजुळव इंकस्केपमध्ये करा, ते फुकट आहे आणि मूळ फोटो जसा आहे तसा ठेवतं. दुसऱ्या कमांडमध्ये emb च्या रकान्यात प्रत्येक फॉन्टपुढे yes पाहिजे. no असेल तर प्रकाशकाच्या मशीनवर तुमचा λ, µ किंवा ° चौकोन होऊन बसू शकतो.

सेमच्या फोटोला वेगळा न्याय. तो ठिपक्यांचाच असतो आणि मशीनने जेवढे पिक्सेल दिले त्याच्यापुढे जाता येत नाही. लॅबच्या रिपोर्टमधल्या वर्ड फाइलमधून फोटो उचलू नका, मशीनवरची मूळ टिफ मागून घ्या. बऱ्याच मशीनमधून १२८० पिक्सेल रुंद फोटो निघतो. तुमच्या फिगरमध्ये एक पॅनल साधारण ९० मिमी, म्हणजे ३६१ डीपीआय, मस्त. पण एखादा नॅनोकण मोठा दाखवायला तुम्ही अर्धा भाग क्रॉप केलात तर ६४० पिक्सेल उरतात आणि तेवढ्याच जागेत १८१ डीपीआय होतात. मग एकतर तो तुकडा लहान, कोपऱ्यात इनसेट म्हणून दाखवा, ५० मिमीला ठेवलात तर ३२५ भरतात, नाहीतर मशीनवर जास्त मॅग्निफिकेशनला परत फोटो काढा. सॉफ्टवेअरने वाढवून तपशील येत नाही, आणि मायक्रोग्राफमध्ये नसलेला तपशील ‘आणणं’ हा वेगळाच गंभीर विषय आहे, त्या वाटेला जाऊच नका.

फोटोच्या खालची ती काळी पट्टी, ज्यात व्होल्टेज, मॅग्निफिकेशन आणि स्केल बार असतो, ती छापील साइजला वाचता येत नाही. इमेजजेमध्ये फोटो उघडा, मूळ स्केल बारवर बरोबर तेवढीच रेघ ओढा, Analyze मध्ये Set Scale करून ती किती नॅनोमीटर ते सांगा, मग पट्टी क्रॉप करून टाका. त्यानंतर पॉवरपॉइंट किंवा इंकस्केपमध्ये त्याच मापाची नवीन पांढरी रेघ आणि वर ‘500 nm’ असं ७ पॉइंटमध्ये. हिशोब सोपा आहे: १२८० पिक्सेल म्हणजे ९० मिमी, तर ५०० नॅनोमीटरला जेवढे पिक्सेल येतात त्यावरून मिमी काढा. ×50,000 हा मॅग्निफिकेशनचा आकडा कॅप्शनमध्ये टाकू नका, फोटो लहान-मोठा झाला की तो खोटा ठरतो, स्केल बार ठरत नाही.

आता रंग. हा शेरा वेगळा आहे आणि खरं सांगायचं तर तिघांतला सोपा. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतं, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण ८ टक्के, स्त्रियांमध्ये अर्धा टक्का. तुमच्या तीन रिव्ह्यूअरपैकी एखाद्याला ते असणं अगदी शक्य आहे. आणि तुमचे रंग म्हणजे एक्सेलचे Standard Colors मधले लाल आणि हिरवा असणार, #FF0000 आणि #00B050. या दोघांचा उजळपणाही जवळजवळ सारखा आहे. म्हणजे रंगाचा फरक गेला की मागे काहीच उरत नाही, ब्लॅक-अँड-व्हाइट प्रिंट काढली तर तुम्हालाही कुठली रेघ कॅटॅलिस्टची ते कळणार नाही. करून बघा.

यावर जपानच्या मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांचा आठ रंगांचा संच जगभर वापरला जातो, आर मध्ये तर ४.० व्हर्जनपासून `palette.colors()` हेच रंग देतो. त्यातला निळा #0072B2, नारिंगी #E69F00, शेंदरी #D55E00, निळसर हिरवा #009E73, हे चार ग्राफला पुरतात. काळा पाचवा. पिवळा #F0E442 पण त्यात आहे, पण पांढऱ्यावर पिवळी बारीक रेघ कोणालाच दिसत नाही, तो ठिपक्यांच्या आत भरायला ठेवा.

पण इथे एक बारकावा आहे जो सहसा कोणी सांगत नाही. रंगांधळेपणाला सेफ म्हणजे ब्लॅक-अँड-व्हाइटला सेफ असं नाही. याच संचातला निळा आणि शेंदरी घेतलात तर रंग कमी दिसणाऱ्यालाही ते वेगळे दिसतात, कारण निळ्या-पिवळ्या दिशेचा फरक शाबूत राहतो, पण ग्रे प्रिंटमध्ये दोन्ही पुन्हा जवळपास सारखेच गडद येतात, तुमच्या जुन्या लाल-हिरव्याइतकेच जवळ. निळा आणि नारिंगी घेतलात तर नारिंगी बराच उजळ असल्यामुळे दोन्हीकडे भागतं. म्हणून तुमच्या डिग्रेडेशनच्या ग्राफसाठी माझं म्हणणं असं: कॅटॅलिस्टसह निळा, भरीव गोल. कॅटॅलिस्टशिवाय नारिंगी, पोकळ चौकोन. आणि लेजंडची पेटी काढून टाकून प्रत्येक रेघेच्या शेजारीच नाव लिहा. मग रंग पूर्ण गेला तरी ग्राफ वाचता येतो. एक्सेलमध्ये Format Data Series, तिथे More Colors, Custom मध्ये आरजीबी आकडे टाका: निळ्याला ०, ११४, १७८ आणि नारिंगीला २३०, १५९, ०.

पाच स्पेक्ट्राचं पॅनल मात्र वेगळ्या जातीचं आहे, तिथे हा आठ रंगांचा संच लावू नका. शून्य मिनिटापासून शेवटच्या वेळेपर्यंत ते एका क्रमाने जातात, आणि रंगांनी पण तो क्रम दाखवला पाहिजे. लाल, हिरवा, जांभळा, निळा, काळा असे पाच सुटे रंग दिले की वाचणाऱ्याला प्रत्येक रेघेसाठी लेजंडकडे मान वळवावी लागते. त्याऐवजी एकाच निळ्याच्या पाच छटा द्या, सुरुवात गडद आणि पुढे फिकट होत जाणाऱ्या, सगळ्यात फिकट छटा पण पांढऱ्यात हरवणार नाही इतपत. ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचं मिथिलिन ब्लूचं शिखर खाली उतरत जाताना रंगही फिका होत जातो, एका नजरेत कळतं. डाय दुसरा असेल तर शिखर दुसरीकडे असेल, पण कल्पना तीच. पायथनवाले असाल तर व्हिरिडिस वापरा, त्याचा उजळपणा एका दिशेने सरळ वाढत जातो, फक्त शेवटचा पिवळा भाग वगळा. इंद्रधनुष्याचा जेट नको, त्यात मधलाच पिवळा सगळ्यात उजळ असतो आणि डेटामध्ये नसलेल्या सीमा दिसायला लागतात.

तपासायला कलर ओरॅकल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण स्क्रीनच रंगांधळेपणा असलेल्याला जशी दिसेल तशी करतं. इमेजजेच्या फिजी आवृत्तीत पण Image, Color मध्ये Simulate Color Blindness आहे. फ्लुरोसन्सचे लाल-हिरवे फोटो असणाऱ्यांनी लाल चॅनल मॅजेंटा करावा, तुम्हाला लागू नाही म्हणून त्यात जास्त शिरत नाही. सीएमवायके करायचं का, असं पण लोक विचारतात. जर्नलने स्पष्ट मागितलं नसेल तर आरजीबीच ठेवा.

कधी एक्सेल सोडून कोडने ग्राफ करायला लागलात तर तत्त्व तेच, साइज आधी. मॅटप्लॉटलिब इंच मागतं, म्हणून t आणि c मध्ये तुमचे वेळेचे आणि डिग्रेडेशनचे आकडे आधीच भरलेत असं धरून:

```python
import matplotlib.pyplot as plt
mm = 1/25.4
plt.rcParams.update({"font.family": "Arial", "font.size": 7,
                     "lines.linewidth": 1, "axes.linewidth": 0.6,
                     "pdf.fonttype": 42})
fig, ax = plt.subplots(figsize=(90*mm, 65*mm), layout="constrained")
ax.plot(t, c, "o-", color="#0072B2")
fig.savefig("fig3d.pdf")
```

यात `bbox_inches="tight"` मुद्दाम नाहीये. इंटरनेटवरच्या प्रत्येक उदाहरणात ते असतं, पण ते कडेची पांढरी जागा कापून पानाची रुंदीच बदलतं, तुमचे ९० मिमी ८६ होतात नाहीतर ९३, मग प्रकाशक ते ताणून परत ९० करतो आणि चारही पॅनलमधली अक्षरं एकमेकांपेक्षा थोडी-थोडी वेगळी दिसतात. जागा सांभाळायचं काम `constrained` करतं. `fonttype` ४२ केल्याने अक्षरं ट्रूटाइप म्हणून एम्बेड होतात, नाहीतर मॅटप्लॉटलिब टाइप ३ फॉन्ट टाकतं जो काही सबमिशन सिस्टिम नाकारतात. लिनक्स सर्व्हरवर एरियल नसतो बहुतेक, तिथे एक वॉर्निंग येऊन गुपचूप डेजाव्हू फॉन्ट लागतो, ती वॉर्निंग वाचा.

आर मध्ये `ggsave` ला `width = 90, units = "mm"` द्या. तिथली मेख अशी की `base_size = 7` म्हटलं तरी अक्षावरचे आकडे त्याच्या ०.८ पट असतात, म्हणजे ५.६ पॉइंट, नियमाच्या खाली. ते `axis.text` मध्ये वेगळे ७ करावे लागतात. आणि `geom_text` चा `size` पॉइंटमध्ये नसून मिलिमीटरमध्ये असतो, तिथे `7/.pt` लिहायचं.

ईपीएसबद्दल एक शब्द. ईपीएसमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे एरर बँड हलका पारदर्शक ठेवला असेल तर मॅटप्लॉटलिबमधून ईपीएस काढल्यावर तो ठोकळ्यासारखा भरीव येतो आणि खालची रेघ झाकतो. पीडीएफ चालत असेल तर पीडीएफच द्या. आणि टिफच पाहिजे असा हट्ट असेल तर तयार झालेल्या पीडीएफवरून शेवटी टिफ काढा, स्क्रीनशॉट किंवा जेपीजीवरून नाही:

```
pdftoppm -r 500 -tiff -tiffcompression lzw fig3.pdf fig3
```

१९० मिमीची पीडीएफ असेल तर यातून ३७४० पिक्सेल रुंद टिफ येते, एलसेव्हियरला मिश्र फिगरसाठी हवी तेवढीच. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनने फाइल लहान होते पण एक पिक्सेलही बदलत नाही, जेपीजीसारखं नाही ते.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा होतो: १९ सेमीची नवी स्लाइड, चार्ट चार्ट म्हणूनच, ७ पॉइंट एरियल, १ पॉइंट रेघ, सेमची मूळ टिफ ९ सेमीला, रंग निळा-नारिंगी आणि स्पेक्ट्राला निळ्याच्या छटा, मग पीडीएफ, मग तपासणी. मूळ एक्सेल फाइल असेल तर हे एका दुपारचं काम आहे.

पाठवायच्या आधी ए४ कागदावर प्रिंट काढा, आणि प्रिंटच्या खिडकीत Actual size निवडा, Fit नाही. पट्टी लावून मोजा, १९ सेमी भरायला हवं. मग हातभर अंतरावर धरून अक्षावरचे आकडे वाचता येतात का बघा. गाइडला, नाहीतर चष्मा लावणाऱ्या कोणालाही वाचायला द्या. एक प्रिंट ब्लॅक-अँड-व्हाइट पण काढा.

आणि अपलोड केल्यावर सिस्टिम जी एकत्र पीडीएफ बनवून तुम्हाला अप्रूव्ह करायला देते, त्यात फिगर पुन्हा धूसर दिसू शकते. घाबरून परत ‘३०० डीपीआय’ करायला जाऊ नका. ती पीडीएफ रिव्ह्यूअरसाठी हलकी केलेली असते, आणि बहुतेक वेळा त्या पानावर मूळ फिगर उतरवायची लिंक असते. त्या लिंकवरून फाइल घ्या आणि तिच्यावर वरच्या दोन कमांड चालवा. तिथे सेमपुढे ३६१ आणि फॉन्टपुढे yes आलं की अप्रूव्ह दाबा. पॉपलर टाकताना विंडोजवर अडलात तर खाली कोणतं व्हर्जन आहे ते लिहा, बघू.